अकरा महिन्यांची वही

नव्याने या धंद्यात आलेली मुलं-मुली माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ताई, पार्ट्या कुठून आणायच्या? मी कोथरूडमध्ये गेली बारा वर्षं घरं भाड्याने आणि विकत मिळवून देते. सुरुवातीची दोन वर्षं माझाही हाच प्रश्न होता. त्याभोवती जे गैरसमज पसरलेले आहेत, त्यातल्या काहींनी माझाही बराच वेळ आणि पैसा खाल्ला.

पहिला गैरसमज : वेबसाइटवर जास्तीत जास्त जाहिराती टाकल्या की ग्राहक तयार होतो.

वस्तुस्थिती अशी की पोर्टलवरून चौकशी करणारा माणूस त्याच दुपारी आणखी चार-पाच एजंटांना फोन करतो. त्याला घर हवं असतं, तुम्ही नको असता. जो आधी किल्ली घेऊन दारात उभा राहील त्याचं काम होतं. म्हणजे खरी गोष्ट किल्ली आहे, आणि किल्ली मालक देतो. नव्या एजंटाने भाडेकरू शोधत फिरण्याऐवजी विश्वासाने किल्ली देणारे दहा मालक मिळवावेत, असं माझं ठाम मत आहे. कोथरूडमध्ये तर असे मालक भरपूर आहेत. मुलं अमेरिकेत किंवा बंगळुरूला, आईवडील शेजारच्या गल्लीत, आणि मुलाच्या नावाचा फ्लॅट रिकामा. हे लोक पोर्टलवर एजंट शोधत नाहीत. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारतात, नाहीतर वरच्या मजल्यावरच्या काकूंना.

विक्रीपेक्षा भाड्याच्या कामापासून सुरुवात करावी, असं मी सांगते त्यालाही हेच कारण आहे. घर विकत घेणारा माणूस आयुष्यात एकदा-दोनदा तुमच्याकडे येतो. भाड्याचा करार साधारण अकरा महिन्यांनी संपतो आणि मालक व भाडेकरू, दोघांनाही तुमची पुन्हा गरज पडते. (महारेराच्या नोंदणीबद्दल इथेच सांगते. नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकून द्यायची असतील तर ती सक्तीची आहे, आणि आता त्याआधी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. नुसत्या भाड्याच्या व्यवहाराला तो नियम लागत नाही.)

दुसरा गैरसमज तर ग्राहकांइतकाच एजंटांमध्येही घट्ट बसलेला आहे : अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते.

महाराष्ट्रात हे चूक आहे. एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी नको, ही समजूत देशाच्या नोंदणी कायद्यातून आली आणि अकरा महिन्यांचा आकडाही तिथूनच रूढ झाला. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मग मुदत कितीही असो. ती जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. आता विचार करा, ज्या एजंटाने हजार-दीड हजार रुपये वाचवायला नोटरीवर काम भागवलं, त्याचं नाव मालकाच्या घरात पुढे कसं निघत असेल? खर्च तरी किती? भाडं २४,००० आणि अनामत ७५,००० असेल तर अकरा महिन्यांचं भाडं होतं २,६४,०००. त्यात अनामतीवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, सुमारे ६,९००, मिळवायचं आणि बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. ते सातशेच्या आसपास येतं. शहरात नोंदणी फी १,०००. हा हिशेब मी मालकासमोर कागदावर मांडते. ज्या काकूंना आकडा स्वतः करून बघता आला, त्या दुसऱ्या काकूंना तो समजावून सांगतात आणि सोबत माझं नावही सांगतात.

तिसरा गैरसमज मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : फॉलो-अप म्हणजे सतत फोन करत राहणं.

‘सर, काय ठरलं?’ हा फोन कोणालाच नको असतो. त्यात समोरच्यासाठी काहीच नसतं. फोन तारखेवर करायचा असतो, आणि ती तारीख करारातच लिहिलेली असते. माझ्याकडे एक साधी लांबट वही आहे. प्रत्येक फ्लॅटला एक ओळ : इमारत, मालक, भाडेकरू, करार सुरू, करार संपतो, आणि शेवटचा रकाना ‘कोणाकडून’. करार संपण्याच्या दोन महिने आधी मी दोघांना फोन करते.

एक उदाहरण सविस्तर सांगते. मयूर कॉलनीतला दोन बेडरूमचा फ्लॅट, वर सांगितलेल्याच भाड्याचा. करार १ जून ते ३० एप्रिल. एक मार्चला मी मालकीण काकूंना फोन केला. ‘काकू, ३० एप्रिलला करार संपतोय. मुलाशी बोलून घेता का, पुढे ठेवायचंय की कसं?’ त्याच दिवशी भाडेकरू मुलालाही विचारलं. तो म्हणाला, ‘ताई, ऑफिस हिंजवडीला गेलं, आम्ही सोडतोय. सांगणारच होतो.’ तो सांगणार होता एप्रिलमध्ये. मला ते मार्चच्या पहिल्या तारखेला कळलं, म्हणजे नवीन माणूस शोधायला साठ दिवस मिळाले. तारीख सांभाळण्याला कायद्याचाही आधार आहे. मुदत संपल्यावर परवानाधारक घरात राहिला तर त्याच्यावर दुप्पट दराने भरपाईची जबाबदारी येऊ शकते. हे भाडेकरूला वेळेवर सांगणं म्हणजे त्याला धमकावणं नाही. त्याचंच नुकसान वाचतं.

पुढचा भाग बहुतेक एजंट सोडून देतात. दलाली मिळाली की त्यांच्या दृष्टीने काम संपलेलं असतं. घर सोडायच्या दिवशी मी तिथे होते. घर देताना आम्ही दोघांसमोर एक यादी केली होती आणि फोटो काढले होते : पंखे चार, गिझर एक, किचनच्या ओट्याला डाव्या कोपऱ्यात चीर आधीपासूनच, बाल्कनीच्या जाळीचा एक हूक नाही. काकूंनी ओट्याची चीर पाहिली आणि म्हणाल्या, ‘हे यांनी केलं.’ मी फोनवर जुना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो बघितला आणि विषय तिथेच संपला. शेवटच्या वीजबिलाचे १,३४० आणि बाथरूमच्या फुटलेल्या नळाचे ४५० वजा करून ७३,२१० रुपये त्याच दुपारी, किल्ली हातात देताना, त्या मुलाच्या खात्यात गेले.

शिफारस इथे तयार होते. घर मिळाल्याच्या दिवशी सगळेच खूश असतात, त्या दिवशीचे आभार कोणी लक्षात ठेवत नाही. अनामत भांडणाशिवाय परत मिळाली, हे मात्र माणूस ऑफिसात सांगतो, कारण शेजारच्या टेबलावरच्याची अडकलेली असते.

चौथा गैरसमज याला जोडूनच येतो : काम चांगलं केलं की लोक आपणहून नाव सुचवतात. थोडे सुचवतात. बाकीच्यांना वाटतं की हिच्याकडे कामाला तोटा नसेल. म्हणून विचारावं लागतं, पण नेमकं. ‘कोणी असेल तर सांगा’ म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे कोणीच येत नाही. मी त्या मुलाला विचारलं, ‘तुमच्या टीममध्ये कोणाला कोथरूडलाच राहायचंय, पण मेट्रोजवळ?’ त्याने जिन्यातच एक नाव सांगितलं. त्या मुलीने पुढे वनाजजवळ घर घेतलं. काकूंचा फ्लॅटही ८ मेपासून पुन्हा भरला, मधले सात दिवस रंगकामाला लागले.

नाव सुचवणाऱ्याला पैसे द्यावेत का, हे मला नेहमी विचारलं जातं. ग्राहकाला मी देत नाही. ज्या काकूंनी मैत्रिणीला माझं नाव सांगितलं, त्यांच्या हातात दोन हजार ठेवले तर मैत्रिणीसमोर त्याच अवघडतात, आणि पुढच्या वेळी गप्प बसतात. त्यांना मी फक्त कळवते की काम झालं, किंवा झालं नाही आणि का झालं नाही. हा निरोप न देणं ही मोठी चूक आहे. माझ्याकडून ती झालेली आहे. एका सेक्रेटरींनी पाठवलेल्या कुटुंबाला मी घर देऊ शकले नाही आणि तसं त्यांना कळवलंही नाही. त्या सोसायटीतून मला पुढे दोन वर्षं एकही फोन आला नाही.

आणि भागातलं नाव? ते बोर्ड लावून होतं हा समजही सोडायला हवा. नाव होतं ते तुम्ही खरं काय सांगता त्यावरून. वरच्या मजल्याला पावसाळ्यात गळती आहे, मे महिन्यात टँकर येतो, सोसायटीने अविवाहित मुलांबद्दल ठराव केलाय, हे घर दाखवतानाच सांगितलं तर एखादं काम जातं. ते न सांगता काम केलं तर भाडेकरू चार महिन्यांत निघतो आणि मालक दोघांनाही दोष देतो. विक्रीच्या दरांबाबतही तसंच. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्या इमारतीतल्या झालेल्या व्यवहारांचं इंडेक्स टू बघता येतं. जाहिरातीतला आकडा म्हणजे मालकाची अपेक्षा. इंडेक्स टूमधला आकडा दस्तात नोंदलेला असतो. शेजारच्या इमारतीत एखादा व्यवहार नोंदला गेला की मी त्या गल्लीतल्या माझ्या दोन-तीन मालकांना त्याचा दर कळवते. विकायचंय का, असं विचारत नाही.

असं नाव झाल्याचा उपयोग कसा होतो ते रिडेव्हलपमेंटने मला दाखवलं. कोथरूडच्या जुन्या सोसायट्या एकामागून एक पाडल्या जात आहेत. अठ्ठावीस घरांच्या एका सोसायटीतून सगळे एकाच महिन्यात बाहेर पडणार होते. भाडं बिल्डर देणार, पण घर प्रत्येकाने स्वतः शोधायचं. बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे. त्यांना लिफ्ट हवी, डॉक्टर आणि देऊळ पायी अंतरावर हवं, आणि करार छत्तीस महिन्यांचा हवा, म्हणजे दरवर्षी सामान हलवायला नको. घरं शोधण्याबद्दल सोसायटीची मीटिंग झाली, तिथे माझी जाहिरात नव्हती. मयूर कॉलनीतल्या काकूंची धाकटी बहीण त्या सोसायटीत राहत होती. त्यांनी सभेत उभं राहून सांगितलं, ‘माझ्या बहिणीचं घर ही बाई बघते, अनामतीचा हिशेब कागदावर देते.’

त्या महिन्यात मी अकरा कुटुंबांना घरं मिळवून दिली. वहीत त्या अकरा ओळींपुढे ‘कोणाकडून’ या रकान्यात एकच नाव आहे, आणि ‘करार संपतो’ या रकान्यात अकरा तारखा आहेत, सगळ्या जवळजवळच्या. पहिला फोन कधी करायचा, ते त्यांच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवलंय.