सिलिकॉनची कमाल मर्यादा

छतांवर दिसणारे सौर पॅनल बहुतेक सिलिकॉनचे असतात. सिलिकॉनची ऊर्जा-फट १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्याहून कमी ऊर्जेचे प्रकाशकण वाया जातात, तर २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या हिरव्या कणाची निम्मी ऊर्जा उष्णता होते. फट रुंद केली की व्होल्टेज वाढते, पण प्रवाह घटतो. शिवाय प्रकाश शोषणारा सेल प्रकाश सोडतोही, आणि हा तोटा कोणत्याही कारागिरीने टळत नाही. शॉकली आणि क्वायसर यांनी १९६१ मध्ये हाच हिशेब मांडला. प्रमाणित सूर्यप्रकाशात एका फटीच्या सेलची कमाल कार्यक्षमता १.३४ इलेक्ट्रॉन-व्होल्टला मिळते: सुमारे ३३.७ टक्के. सिलिकॉन मात्र आपल्या अंतर्गत पुनर्संयोगामुळे २९.४ टक्क्यांच्या आसपासच अडते. एका फटीची ही मर्यादा ओलांडण्यासाठीच आयआयटी मुंबईतील संशोधक सिलिकॉनवर रुंद फटीचा पेरोव्हस्काइट सेल बसवतात.