हेक्टरचा आकडा, पंपाची मात्रा

ऑगस्ट-सप्टेंबरात अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या कुठल्याही कृषी केंद्रावर थोडा वेळ थांबलं, की एक प्रश्न हमखास कानावर येतो : "पंपाले किती टाकू?" दुकानदार बिलाच्या मागे एक आकडा लिहून देतो आणि शेतकरी गाडीला किक मारतो. या प्रश्नाचं थेट उत्तर लेबलवर बहुधा नसतंच. लेबलचा हिशेब हेक्टरचा, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिफारस बहुतेक वेळा दहा लिटर पाण्याची, शेतकऱ्याचं गणित एकराचं आणि पाठीवरचा पंप पंधरा नाहीतर सोळा लिटरचा.

1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार डब्यासोबतचं माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या प्रादेशिक भाषेत द्यावं लागतं. म्हणजे मराठी मजकूर हातात असतो. तरीही तो शेतकऱ्याला सांगताना खरं काम उरतंच : आकडा एका मापातून दुसऱ्या मापात न्यायचा आणि वाटेत त्यातलं काही सांडू द्यायचं नाही.

कपाशीवरच्या बोंडअळीसाठी वापरलं जाणारं इमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के एसजी घ्या. लेबलवरच्या तक्त्यात कपाशीची ओळ अशी असते : हेक्टरी 190 ते 220 ग्रॅम, पाणी 500 लिटर, प्रतीक्षा कालावधी 10 दिवस. त्याआधी एका रकान्यात 9.5 ते 11 ग्रॅम असाही आकडा असतो. तो शुद्ध विषाचा, म्हणजे क्रियाशील घटकाचा. शेतकऱ्याला तो सांगायचाच नाही, कारण पाकिटातून मोजून घ्यायचा तो पुढचा आकडा.

एक हेक्टर म्हणजे सुमारे 2.47 एकर. त्यामुळे 220 ग्रॅमचे एकरी 89 ग्रॅम होतात आणि पाणी होतं सुमारे 200 लिटर. दहा लिटरला 4.4 ग्रॅम, पंधरा लिटरच्या पंपाला 6.6 ग्रॅम. "हेक्टरी" हा शब्द गळाला आणि 220 ग्रॅम एका एकरात गेले, तर मात्रा जवळजवळ अडीचपट झाली. 100 ग्रॅमचं पाकीट एका एकरात संपवलं, तरी ते लेबलच्या वरच्या मर्यादेपेक्षा सुमारे 12 टक्के जास्तच आहे.

पण 6.6 ग्रॅम मोजायचे कशाने? झाकण हे माप नव्हे. प्रत्येक डब्याचं झाकण वेगळं, आणि दाणेदार पावडर झाकणात दाबून भरली की वजन बदलतं. सोपी रीत अशी : एका एकराचे 89 ग्रॅम एकदाच वजनकाट्यावर तोलून घ्यावेत, फक्त याच कामासाठी ठेवलेल्या बादलीत साडेतेरा लिटर पाण्यात काठीने ढवळून विरघळवावेत आणि दर पंपाला त्यातलं ढवळलेलं एक लिटर टाकून पंप पंधरा लिटरपर्यंत भरावा. साडेतेरा पंपांत एकर होतो. हे पाणी त्याच दिवशी संपवायचं.

मात्र एवढं पाणी आपल्या हातून एकरात खरंच पडतं का, हेही पाहावं लागतं. पंपात साधं पाणी भरून 33 फूट लांब, 33 फूट रुंद जागेवर, म्हणजे एका गुंठ्यावर, रोजच्या चालीने फवारावं. पाच लिटर लागलं तर एकराला 200 लिटर होतं. तीनच लिटर लागलं तर आठ पंपांतच एकर उरकतो, औषध पडतं 53 ग्रॅम आणि अळी वाचते. मग "औषधात दम नाही" म्हणत पुढच्या फवारणीत आणखी एक बाटली मिसळली जाते.

पेट्रोलवर चालणाऱ्या पॉवर पंपाला "तिप्पट टाका" हा सल्ला विदर्भात सर्रास ऐकू येतो. त्याचा आधार एवढाच, की या पंपाने एकराला पाणी साधारण एक तृतीयांश लागतं. बदलतं ते पाणी, एकराचे 89 ग्रॅम तेच राहतात. त्यामुळे तिप्पट म्हणताना एकराला 65-70 लिटरच पाणी लागतंय ना, हे त्याच वाक्यात विचारलं पाहिजे. तिप्पट मात्रा घालून एकरात 200 लिटर फवारलं, तर पिकावर आणि फवारणाऱ्याच्या अंगावरही तिप्पट विष पडतं. नुसतं "तिप्पट" लिहून देणं मला धोक्याचं वाटतं. चिठ्ठीवर एकराची मात्रा आणि पंपांची संख्या, दोन्ही लिहावीत.

आता दिवसांचा रकाना. प्रतीक्षा कालावधी म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचं किमान अंतर. दोन फवारण्यांमधल्या अंतराशी किंवा फवारलेल्या वावरात पुन्हा केव्हा शिरायचं याच्याशी त्याची गल्लत होते. "दहा दिवस थांबा" एवढंच सांगितलं, तर ऐकणारा दहा दिवसांनी पुन्हा फवारा मारायचा असं समजू शकतो. "फवारल्यावर दहा दिवस वेचणी नाही" असं पूर्ण सांगावं. कपाशीच्या वेचण्या अनेक होतात. म्हणून फुटलेली बोंडं आधी वेचून घ्यायची, मग फवारायचं.

हा आकडा पिकागणिक बदलतो. याच पाकिटावर मिरचीला 3 दिवस, भेंडीला 5, कपाशीला 10 आणि तुरीला 14 दिवस दिलेले असतात. वऱ्हाडात कपाशीच्या तासांमध्ये तुरीची तासं असतातच. एकाच फवाऱ्यात दोन्ही पिकं भिजतात आणि थंडीत त्याच तुरीचे सोले भाजीत पडतात. तिथं 14 दिवस धरायचे. धुऱ्यावरची अंबाडी, चवळी तक्त्यात नसेल, तर तिच्यासाठी शेजारच्या पिकाचा आकडा उचलायचा नाही. तिच्यावर ते औषध उडू द्यायचं नाही आणि उडालं तर ती भाजी घरात आणायची नाही.

नावापुढचे अंकही तसेच्या तसे सांगायला हवेत. क्लोरपायरीफॉस 20 टक्के ईसी मिळतं, तसं 50 टक्केही मिळतं. गेल्या वर्षीचं प्रमाण नुसत्या नावावरून पुढे चालवलं, तर अडीचपट चूक होते. "प्रोफेनोफॉस 40 टक्के + सायपरमेथ्रीन 4 टक्के" या नावातच दोन विषं आधी मिसळलेली आहेत. नावाचा पहिलाच शब्द सांगितला, तर त्यात आणखी काय मिसळायचं याचा निर्णय अर्ध्या माहितीवर होतो.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर सरकारने अमरावती विभागातल्या पाचही जिल्ह्यांत ज्या कीटकनाशकांची विक्री आणि वापर 60 दिवसांसाठी थांबवला, त्यांत प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रीनचं हे मिश्रण होतं. मोनोक्रोटोफॉसही होतं. 2005 पासून त्याच्या लेबलवर भाजीपाल्यावर वापरू नये, अशी अट होती.

सुरक्षेच्या मजकुरात "नाही" हा शब्द सगळ्यांत जपायचा. काही लेबलांवर विष पोटात गेल्यास उलटी करवा असं असतं, काहींवर करवू नका असं. एका डब्याची सूचना दुसऱ्याला लावता येत नाही. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाच्या वर "विष" असं छापलेलं असतं. बोलताना आपण त्यालाच औषध म्हणतो, पण चिठ्ठीवर विषच लिहावं. "त्वचेशी संपर्क टाळा" याचा अर्थही उघड करून सांगावा लागतो : डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत वाऱ्याच्या उलट फवारलं, की तुषार तोंडावर येतो. भिजलेला सदरा तसाच अंगावर ठेवला, तर विष कातडीतून आत जात राहतं. सदरा लगेच काढायचा आणि अंग साबणाने धुवायचं.

प्रतिविषाची ओळ डॉक्टरांसाठी असते. तिचं मराठी करायचं नाही, ती जशीच्या तशी पोचवायची. मोनोक्रोटोफॉससारख्या ऑर्गनोफॉस्फेटवर अॅट्रोपीन दिलं जातं. इमामेक्टिनला ठरावीक प्रतिविष नाही, लक्षणं पाहून उपचार होतात. त्यामुळे फवारताना चक्कर आली, उलटी झाली किंवा दिसायला अंधूक झालं, तर रुग्णासोबत लेबल शाबूत असलेला डबा किंवा लेबलचा फोटो गेला पाहिजे. पंपात दोन औषधं होती तर दोन्ही डब्यांची लेबलं न्यावीत, आणि पंप कोणी भरला, त्यात काय काय टाकलं, हे माहीत असलेला माणूस गाडीत बसावा.