पाच सेंटिमीटरची भिंत, पाच टाइल्स

बाथरूमच्या टाइल्सचा हिशेब मिस्त्री सहसा असा मांडतो: भिंतींचं क्षेत्रफळ काढा, दाराचं वजा करा, वर दहा टक्के वेस्टेज धरा. पण टाइल क्षेत्रफळावर बसत नाही, ओळीत बसते. खरी गंमत तिथून सुरू होते.

समजा, बाथरूम आतून १६० बाय २०० सेंटिमीटर आहे आणि टाइल ६० बाय ३०ची, आडवी लावायची. टाइल्सची उंची २१० सेंटिमीटर, म्हणजे सात ओळी. मिलिमीटरचे सांधे तूर्त सोडून देऊ. १६०च्या भिंतीत दोन अख्ख्या टाइल्स बसतात आणि ४०चा तुकडा लागतो. कापून २० उरतात. शेजारच्या २००च्या भिंतीत तीन अख्ख्या बसल्यावर नेमके २० कमी पडतात! एका भिंतीचा उरलेला तुकडा दुसरीची उणीव भरतो. दार नसतं, तर बरोबर ८४ टाइल्स लागल्या असत्या आणि एकही तुकडा वाया गेला नसता.

आता १६०ची भिंत १६५ करा. तुकडा ४५चा होतो, उरतात १५, आणि २०च्या जागी ते निरुपयोगी. क्षेत्रफळ म्हणतं, दोनच टाइल्स वाढतील. ओळी मोजल्या तर पाच वाढतात: ८९.

दाराची करामत याहून भारी. ७५ सेंटिमीटर रुंद दार टाइल्सच्या उंचीइतकंच आहे असं धरू. क्षेत्रफळाने ते पावणेनऊ टाइल्स वाचवतं. पण १६५च्या भिंतीत ते कोपऱ्याला लागून असेल, तर बाजूला सलग ९० उरतात. प्रत्येक ओळीला दीड टाइल लागते, अर्ध्या अर्ध्या जुळतात आणि दहा टाइल्स वाचतात. तेच दार मधोमध आलं, की दोन्हीकडे ४५-४५. प्रत्येक तुकड्याला नवी टाइल कापावी लागते आणि सातच वाचतात. दार तेच, भिंत तीच, तरी गरज एकदा ७९, एकदा ८२.

मिस्त्रीचा हिशेब दोन्ही वेळा ८५च सांगतो. दार कोपऱ्यात असेल तर कापताना फुटणाऱ्या टाइल्ससाठी सहा शिल्लक राहतात, मधोमध असेल तर तीनच. खिडकी असेल तर तिच्या कोपऱ्यांना एल आकारात कापलेल्या टाइल्स सहज तडकतात, म्हणून छोट्या खिडकीची वजावट करूच नये.

पाच टाइल्सचा बॉक्स असेल तर कोपऱ्यातल्या दाराला १७ बॉक्स पुरतात, मधल्या दाराला १८ घ्यावेत. सगळे एकाच बॅचचे आणि एकाच शेडचे घ्या, कारण नंतर आणलेल्या बॉक्सचा रंग जुळेलच असं नाही. आणि दुकानात जाण्यापूर्वी चारही भिंती कागदावर काढून एकेक ओळ मोजा.