दोन दऱ्या, एक पासवर्ड

ऑफिसातल्या संगणकावर कुणी ‘दऱ्याखोऱ्यांतून’ असा पासवर्ड ठेवला. संध्याकाळी घरी मोबाइलवर तोच शब्द टाइप केला, तर ‘पासवर्ड चुकीचा आहे’. शेजारचं डोळ्याचं चिन्ह दाबून पाहिलं, एकेक अक्षर वाचलं. सगळं बरोबर, तरी दार बंदच. इथे माणूस चुकलेला नसतो. पडद्यावर दिसणारं जोडाक्षर आणि संगणकात साठवलेलं जोडाक्षर या दोन वेगळ्या गोष्टी असतात, एवढंच.

युनिकोडमध्ये जोडाक्षराला स्वतःचा क्रमांक नसतो. मूळ अक्षर, त्याचा पाय मोडणारं हलन्त चिन्ह आणि पुढचं अक्षर असे क्रमांक ओळीने साठवले जातात. त्यांचं जोडाक्षर रंगवण्याचं काम फॉन्ट करतो. बहुतेक जोडाक्षरांना लिहिण्याची वाट एकच असते. घोटाळा होतो तो ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतल्या कोयरीसारख्या अर्ध्या ‘र’चा, कारण तो दोन वाटांनी येतो:

```
ऱ + ् + य        U+0931 U+094D U+092F
र + ् + ZWJ + य  U+0930 U+094D U+200D U+092F
```

पहिल्या वाटेत खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरलेला आहे. युनिकोडच्या तक्त्यात हे अक्षर द्राविडी भाषांतला एक उच्चार लिहिण्यासाठी म्हणून नोंदलेलं आहे, आणि त्याचं अर्धं रूप म्हणजे आपला ऱ्या-ऱ्हातला ‘र’. दुसऱ्या वाटेत साधा ‘र’ असतो आणि हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. ते नसेल तर ‘र’चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्टसह J दाबून ‘ऱ’ मिळतो, म्हणजे पहिली वाट. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारे काही कीबोर्ड दुसरी वाट धरतात. बोटं चालवणाऱ्याला याचा पत्ताही नसतो.

आता हिशेब पाहा. ‘दऱ्याखोऱ्यांतून’ पहिल्या वाटेने 15 चिन्हांचा होतो, दुसऱ्या वाटेने 17 चिन्हांचा. नीट बांधलेली सेवा पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही. त्याच्या बाइटवरून गणित करून निघालेला हॅश तेवढा ठेवते. एक बाइट जरी बदलला तरी हॅश पार बदलतो, त्यामुळे ‘जवळजवळ बरोबर’ असं काही ओळखताच येत नाही.

यावर तज्ज्ञ सांगतात की हॅश करण्याआधी मजकूर प्रमाणित रूपात आणा. 2017 सालच्या आरएफसी 8265 या मानकात पासवर्डसाठी एनएफसी नावाचं रूप सांगितलं आहे. ‘ऱ’ हे एक अक्षर आणि ‘र’ अधिक नुक्ता ही जोडी, हा फरक एनएफसी मिटवतं. आपल्या दोन वाटा मात्र युनिकोडच्या लेखी समान नाहीतच, त्यामुळे त्या वेगळ्याच राहतात. पुढेही त्या समान ठरवता येणार नाहीत, कारण आधीच ठरलेली रूपं बदलायची नाहीत हा युनिकोडचा नियम आहे.

मग ते अदृश्य चिन्हच काढून टाकलं तर? सॅसलप्रेप या 2005 सालच्या जुन्या पद्धतीत तेच होतं. पण ते गेलं की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. पहिल्या वाटेच्या ‘दऱ्या’शी तो जुळत नाहीच, उलट डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र एकाच पासवर्डात जमा होतात. मराठीसाठी हा इलाज रोगापेक्षा वाईट म्हणावा लागेल.

आपला कीबोर्ड कोणत्या वाटेचा हे तपासणं सोपं आहे. स्प्रेडशीटच्या A1 चौकटीत फक्त ‘दऱ्या’ टाइप करा, खरा पासवर्ड नको. शेजारच्या चौकटीत `=LEN(A1)` लिहा. ‘ऱ’ एकसंध असेल तर उत्तर 5 येतं. 6 आलं तर बहुधा मध्ये अदृश्य चिन्ह आहे. हेच मोबाइलवर करून दोन्ही आकडे ताडून पाहा. वेगळे आले तर पासवर्डात हा ‘ऱ’ टाळा. ‘ॲ’लाही तीच भीती आहे, कारण तो एकसंधही लिहिता येतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. आत्ताच अडकला असाल, तर ज्या कीबोर्डवर पासवर्ड ठेवला त्याच कीबोर्डवरून आत शिरा आणि तो बदला.

खरी दुरुस्ती मात्र सेवा बांधणाऱ्यांच्या हातात आहे. एनएफसीनंतर आणि हॅश करण्याआधी ही एक ओळ घातली की पुरे:

```
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

जुन्या खात्यांचे हॅश उलटे सोडवता येत नाहीत. म्हणून लॉगिनच्या वेळी आधी नवं रूप तपासावं, ते जुळलं नाही तर टाइप केलेलं मूळ रूप, आणि जुळताच नवा हॅश साठवावा. देवनागरी पासवर्ड चालतो असं जाहीर करणाऱ्यांनी निदान एवढं करायलाच हवं.