तीन वाक्यांचं उत्तर, पुरेपूर आदर

फिनलंडच्या खरेदीदाराची मेल येते: "माल १४ तारखेला निघेल का?" त्यात विचारपूस नाही, 'कृपया' नाही. आपल्याला वाटतं, माणूस रागावला. तसं नसतं. फिनिश भाषेत 'कृपया'साठी सरसकट वापरता येईल असा एक शब्दच नाही. तिथलं सौजन्य क्रियापदाच्या रूपातून आणि 'कीतोस', म्हणजे 'धन्यवाद', या शब्दातून दिसतं. समोरच्याचा वेळ न घेणं हाही तिथे आदरच.

मग उत्तर कसं लिहावं? पहिल्याच वाक्यात निकाल सांगावा: "१४ला नाही, १७ला निघेल." दुसऱ्यात कारण: "एका सुट्या भागाची तपासणी बाकी आहे." तिसऱ्यात पुढचं पाऊल: "१६ला कागदपत्रं पाठवतो." सुरुवातीला नमस्कार आणि त्यांचं पहिलं नाव, शेवटी धन्यवाद. कोरडेपणा जायला एवढं पुरतं.

नातं बिघडतं ते "बघतो, प्रयत्न करतो" अशा मोघम उत्तरानं. तिथे दिलेली तारीख म्हणजे दिलेला शब्द. म्हणून उशीर होणार असं दिसताच, त्यांनी विचारण्याची वाट न पाहता नवी तारीख कळवा.