सहीचं वजन किमान दहा केबी

बँकेच्या क्लार्कपदाचा फॉर्म भरताना भाचीचा फोटो पहिल्या फटक्यात चढला, सही मात्र अडली. रात्री तिचा फोन आला. "मामा, सही मोठी झाली म्हणून नाही, लहान झाली म्हणून परत येतेय!" मला आधी वाटलं ती उलटं सांगतेय. फाइल लहान करा, आणखी लहान करा, एवढंच आपण ऐकत आलो आहोत. पण तिचं बरोबर होतं. मर्यादेला दोन टोकं असतात आणि खालच्या टोकाकडे कुणाचं लक्ष नसतं.

आयबीपीएसच्या सूचनापत्रातले आकडेच पाहू. फोटो 200 बाय 230 पिक्सेल, वजन 20 ते 50 केबी. सही 140 बाय 60 पिक्सेल, वजन 10 ते 20 केबी. दोन्ही आकडे एकाच ओळीत शेजारी येतात, म्हणून ते एकाच गोष्टीचे वाटतात. तसं नाही. पिक्सेल म्हणजे चित्राचे ठिपके: आडवे किती, उभे किती. केबी म्हणजे ते ठिपके साठवायला फाइलने घेतलेली जागा. ठिपके तेवढेच ठेवून वजन कमीजास्त करता येतं, कारण जेपीजी फाइल प्रत्येक ठिपका जसाच्या तसा साठवत नाही. ती चित्राचे 8 बाय 8 ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा गाळून टाकते. किती गाळायचं, ते क्वालिटीच्या आकड्यावर ठरतं.

फोटोचं काम त्या मानाने सोपं. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलने उभा काढलेला फोटो 3000 बाय 4000 ठिपक्यांचा असतो. आपल्याला हवेत 200 बाय 230. इथे घाईत सरळ हे दोन आकडे टाकले, तर चेहरा पसरतो. कारण मूळ फोटो त्याच प्रमाणात लहान केला तर 200 रुंदीला उंची 267 येते. ती दाबून 230 वर आणली की माणूस रुंदीला सुमारे सोळा टक्के जाड दिसतो. गाल फुगतात, आणि परीक्षा केंद्रावर तोच चेहरा ओळखपत्राशी ताडून बघतात! म्हणून आधी कातरायचं, मग आकार बदलायचा. 3000 रुंदीला 3450 उंची ठेवून वरखालचा भाग कापला, की 200 बाय 230 चं प्रमाण आपोआप जमतं. त्यानंतर वजन. एवढ्या लहान फोटोत 46,000 ठिपके असतात आणि एकेका ठिपक्याला तीन बाइट धरले, तर काहीही न गाळता ते सुमारे 135 केबी होतात. त्यातून 20 ते 50 केबीची फाइल सहज निघते, फक्त क्वालिटी उगाच खाली आणायची नाही. साध्या पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो क्वालिटी 80 वर ठेवलात, तर तो 20 केबीच्याही खाली जाऊ शकतो. मग क्वालिटी वाढवायची, इतकंच.

आता सही. 140 गुणिले 60 म्हणजे 8,400 ठिपके. एकही ठिपका न गाळता साठवले तरी 25,200 बाइट, म्हणजे साधारण साडेचोवीस केबी. पण सहीच्या चित्रात असतं काय? बहुतेक कोरा पांढरा कागद आणि मधून गेलेली एक काळी रेघ. कोऱ्या पांढऱ्या भागाला जेपीजी जवळजवळ काहीच जागा देत नाही. त्यामुळे क्वालिटी अगदी वरच्या टोकाला नेऊनही भाचीची फाइल पाच केबीच्या आसपास थांबली होती. दहाचा उंबरठा ती ओलांडणार कशी? तिने क्वालिटीशी तासभर झटापट केली, पण चूक तिथे नव्हतीच. आहे त्या ठिपक्यांत तेवढा ऐवजच नव्हता.

वाट सूचनापत्रातच होती. त्यात 140 बाय 60 या मापापुढे 'प्रेफर्ड' असा शब्द आहे. माप पसंतीचं आहे, केबीची मर्यादा मात्र बंधनाची. म्हणून प्रमाण तेच, सातास तीन, ठेवून आम्ही मूळ फोटोवरून सही पुन्हा तयार केली, 420 बाय 180 ची. ठिपके नऊपट झाले, क्वालिटी 95 च्या जवळ ठेवली आणि फाइल बारा केबीवर आली. लगेच चढली. लहान झालेली सहीच ओढून मोठी केली असती, तर केबी कदाचित भरले असते, पण रेघ धुरकट झाली असती. सुरुवात नेहमी मूळ फोटोपासूनच करावी. जेपीजी दरवेळी जतन करताना पुन्हा गाळते, आणि गाळलेलं परत येत नाही.

यात एक गंमत आहे. कागदावर मोबाइलची सावली पडली असेल तर फाइल जड होते. आपल्याला पांढरा दिसणारा कागद कॅमेऱ्याला करड्या कणांनी भरलेला दिसतो आणि जेपीजी ते सगळे कण इमानाने साठवते. म्हणजे मळकी सही दहा केबी सहज गाठते, स्वच्छ सही गाठत नाही. म्हणून काही सही मळकीच ठेवू नये. खिडकीजवळ दिवसा, कागदाच्या अगदी वरून फोटो काढावा, उजळपणा वाढवून कागद पांढरा करावा आणि वजन त्यानंतर बघावं. आधी वजन जमवून मग कागद उजळला, की जमलेलं वजन पुन्हा घसरतं.

वजन बघतानाही जरा जपून. विंडोजमध्ये फाइलच्या 'प्रॉपर्टीज' उघडल्या की दोन आकडे दिसतात: 'Size' आणि 'Size on disk'. दुसरा डिस्कवर अडलेल्या जागेचा असतो, सहसा चार-चार केबीच्या टप्प्यांनी वाढणारा. आपला आकडा पहिला. शिवाय केबी कुणी 1,024 बाइटचा धरतं, कुणी 1,000 चा. 20,300 बाइटची सही एका हिशोबात 20 केबीत बसते, दुसऱ्यात बसत नाही. काठावर न राहता सही बारा ते अठरा आणि फोटो पंचवीस ते पंचेचाळीस केबीत ठेवला, की हा वादच उरत नाही.

हे सगळं घरच्या संगणकावर होतं. विंडोजच्या 'फोटोज' अॅपमध्ये 'Resize image' निवडलं की रुंदी, उंची आणि क्वालिटी एकाच चौकटीत बदलता येते. 'गिम्प' हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम जेपीजी निर्यात करताना फाइल किती केबीची होईल ते आधीच दाखवतो. 'पेंट'मध्ये आकार बदलतो, क्वालिटी हातात येत नाही. इंटरनेटवर 'नेमके वीस केबी करून देतो' म्हणणाऱ्या साइट ढिगाने आहेत. त्यातल्या काही कमी पडणारं वजन फाइलच्या शेवटी निरर्थक बाइट भरून पुरं करतात. पण माझी हरकत वेगळ्याच गोष्टीला आहे. या फॉर्मला फोटो आणि सहीसोबत डाव्या अंगठ्याचा ठसाही लागतो. हे तिन्ही एकाच वेळी अनोळखी साइटच्या हवाली करणं मला तरी पटत नाही.

व्हॉट्सअॅपवरून स्वतःला फोटो पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर तो वाटेतच आक्रसतो. आयफोनची एचईआयसी फाइल नुसतं नाव बदलून जेपीजी होत नाही, ती त्या स्वरूपात नव्याने जतन करावी लागते.

आणि सही करताना काळ्या शाईचं पेन घ्या, पण अक्षर मुद्दाम घोटू नका. इंग्रजी कॅपिटल अक्षरांतली सही चालत नाही, हे सूचनापत्रात स्पष्ट लिहिलेलं असतं. भाचीने पहिल्यांदा फॉर्मसाठी म्हणून खास वळणदार सही काढली होती. मी तिला ती बदलायला लावली. परीक्षेच्या दिवशी हजेरीपटावर घाईत जी सही होणार आहे, ती या बारा केबीशी जुळली पाहिजे.