सामंजस्य करारात बांधील काय?

एखादे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि कारखाना सामंजस्य करार करतात. ‘विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देण्याचा प्रयत्न करू’ हे कलम फक्त इरादा सांगते. किती विद्यार्थी, केव्हा, कोणाच्या खर्चाने, हे ठरलेलेच नसते. आणि ज्याचा अर्थ निश्चित करता येत नाही असा करार 1872च्या भारतीय करार कायद्याचे कलम 29 रद्दबातल मानते. गोपनीयता, संशोधनाची मालकी, वादनिवारण ही कलमे मात्र दोघांनाही बांधील हवी असतात. म्हणून स्पष्ट लिहावे : ‘कलम 6 ते 8 बंधनकारक; उरलेली नाहीत.’ हे वाक्य नसेल, तर न्यायालय शीर्षकावर न जाता मजकूर आणि पक्षांचा हेतू पाहते. मग रक्कम व तारीख घातलेले साधे कलमही देणे ठरू शकते.